रात्रपाळीचे तास कोणत्या आठवड्यात धरायचे? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगार मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी टाइम ऑफिसमध्ये काम करतो. हजेरीच्या नोंदींवरून ओव्हरटाइमचे तास काढून पगारपत्रकाकडे पाठवणे हे माझे रोजचे काम आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी तिसऱ्या पाळीच्या येतात. दुपारच्या पाळीतला माणूस आपले तास बोटांवर मोजू शकतो. रात्रपाळीच्या माणसाची पाळी एका तारखेला सुरू होते आणि दुसऱ्या तारखेला संपते. त्यातून ती रात्र आठवड्याची शेवटची असेल, तर त्याचे तास दोन आठवड्यांत वाटले जातात आणि कधी कधी त्याचा ओव्हरटाइमच नाहीसा होतो. हे कसे घडते ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, आठवडा शनिवारच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे रविवारपासून सुरू होतो. रात्रपाळी दहा ते सहा, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून विश्रांतीची वेळ बाजूला ठेवू. एक कामगार सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा रात्री येतो. शनिवारच्या रात्रीची पाळी रविवारी सकाळी सहाला संपायची असते, पण पुढचा माणूस आलेला नसतो. पर्यवेक्षक त्याला थांबवून घेतो आणि तो सकाळी दहाला सुटतो. पुढच्या आठवड्यात तो सोमवार ते गुरुवार चार रात्री काम करतो आणि दोन दिवस रजा घेतो.

पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची, असे धरले तर पहिल्या आठवड्यात ८ तासांच्या पाच पाळ्या आणि १२ तासांची एक, मिळून ५२ तास होतात. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे हिशेब केला, तर आठवड्याची मर्यादा ४८ तासांची. दिवसाच्या ९ तासांच्या मर्यादेने पाहिले तर शनिवारचे ३ तास जादा ठरतात, आठवड्याच्या मर्यादेने ४. तेच तास दोनदा मोजायचे नसतात, म्हणून मोठा आकडा घ्यायचा. त्याला ४ तासांचे दुप्पट दराने पैसे मिळतात.

आता हजेरीचे सॉफ्टवेअर प्रत्येक पाळी मध्यरात्री कापते, असे धरा. शनिवारच्या रात्रीचे फक्त २ तास पहिल्या आठवड्यात राहतात. त्या आठवड्याची बेरीज ४२ भरते, ओव्हरटाइम शून्य. उरलेले १० तास रविवारच्या तारखेवर, म्हणजे पुढच्या आठवड्यात जातात. तिथे चार रात्रींचे ३२ तास मिळवले की पुन्हा ४२ होतात आणि आठवड्याचा ओव्हरटाइम याही वेळी शून्यच. रविवारी एका तारखेत १० तास झाल्याने दिवसाच्या मर्यादेवरचा १ तास तेवढा हाती लागतो. कामगार तोच, घड्याळ तेच, पण चार तासांचा एक तास झाला.

आठवडा रविवारऐवजी सोमवारी सुरू होत असता, तर मध्यरात्री कापूनही ते दहा तास त्याच आठवड्यात राहिले असते. ४२ अधिक १०, म्हणजे ५२, आणि ओव्हरटाइम ४ तास. आठवड्याचा पहिला दिवस ठरवणे हा कागदावरचा किरकोळ निर्णय वाटतो, पण वरचे तीन तास त्यावरच अवलंबून होते.

ही चूक लवकर उघडकीस येत नाही, याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. त्या कामगाराने पुढच्या आठवड्यातही सहा रात्री भरल्या असत्या, तर तिथली बेरीज ५२ झाली असती आणि चार तास एक आठवडा उशिरा का होईना, मिळाले असते. सलग सारख्या पाळ्या असताना दोन्ही पद्धतींची बेरीज जवळपास जुळते. तपासणीसाठी कोणी असाच नियमित महिना उचलला, तर सगळे ठीक दिसते. फरक दिसतो तो रजा, सणाची सुट्टी किंवा पाळीबदल असलेल्या आठवड्यांत. म्हणून तपासायचे असतील तर तेच आठवडे तपासले पाहिजेत.

याचे उत्तर आपल्या कायद्यात फार पूर्वी दिलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ ने सांगितले की पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आधीच्या दिवसात मोजायचे आणि पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा धरायचा. साप्ताहिक सुट्टीही तशीच, पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही रात्रपाळीचे हेच तत्त्व घेतले आहे. रविवारची पहाट शनिवारच्या दिवसात मोजायची, तर ती शनिवारच्याच आठवड्यात गेली पाहिजे. माझ्या मते याचा दुसरा अर्थ निघत नाही. पण कलमात शब्द दिवसापुरता आहे, आठवड्याचा उल्लेख नाही, आणि सॉफ्टवेअर बसवणारा माणूस कलम वाचत नाही. तो तारखेचा रकाना पाहतो.

मध्यरात्री कापण्याने नुकसान नेहमी कामगाराचेच होते, असेही मी म्हणणार नाही. मंगळवारी सकाळी सहाला सुटलेला माणूस त्याच दुपारी दोनच्या पाळीला आला, तर तारखेच्या हिशेबाने त्याच्या नावावर मंगळवारी १४ तास लागतात आणि ओव्हरटाइम वाढतो. मला हवी आहे ती सगळीकडे एकच पद्धत. सोयीप्रमाणे आज ही, उद्या ती, हे थांबले पाहिजे.

म्हणून विनंती अशी, की पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवसात आणि त्याच आठवड्यात तिचे सगळे तास धरावेत, हे नियमात आठवड्याचा शब्द घालून स्पष्ट करावे. हजेरीच्या नोंदीत येण्याची आणि जाण्याची वेळ तारखेसह एकाच ओळीत असावी. आज अनेक ठिकाणी रात्रपाळीच्या दोन ओळी पडतात, एकीत जाण्याची वेळ रिकामी, दुसरीत येण्याची. अशी अर्धवट जोडी दिसली की पाळी कापली गेल्याचा संशय घ्यावा, हे तपासणी अधिकाऱ्यांनाही सांगता येईल.

आठवडा कोणत्या दिवशी सुरू होतो हे पगाराच्या पावतीवर छापलेले असावे. मालकाला तो बदलायचा असेल, तर आधी लेखी सूचना द्यावी लागावी आणि बदल कायमचा असावा. बदलाच्या वेळी काही दिवस जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आठवड्यांत येतात. अमेरिकेत फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टखालच्या नियमांत अशा दिवसांचे तास एकदा जुन्या आठवड्यात धरून आणि एकदा नव्यात धरून हिशेब करतात, आणि ज्यात ओव्हरटाइम जास्त निघेल तो देतात. तिथला आठवडा म्हणजे सलग १६८ तास, आणि तो कोणत्याही दिवशी, कोणत्याही तासाला सुरू करता येतो. ही दुसरी गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. आठवडा मध्यरात्रीऐवजी सकाळी सहाला, पाळी बदलताना सुरू करायची मुभा मिळाली, तर नेमलेली कोणतीही पाळी दोन आठवड्यांत पडणारच नाही. थांबवून घेतलेल्या चार तासांचा प्रश्न तेवढा उरेल, आणि त्यासाठी वरचा नियम पुरेसा आहे.

या दुरुस्तीला नवे यंत्र लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये पाळी कोणत्या तारखेवर टाकायची याची निवड बहुधा आधीपासूनच असते. ती कोणी कशी करायची, हे नियमाने सांगायला हवे. आपल्या खात्याने तसे परिपत्रक काढावे आणि त्यासोबत वर दिलेल्यासारखे एक सोडवलेले उदाहरण जोडावे, ही विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
टाइम ऑफिसमधील एक कर्मचारी