प्रतिबंधाची गोळी आणि तापावरचं औषध

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस पुराच्या पाण्यात उतरून चिखल काढतो आहेस, टाचेला फोड फुटलाय, आणि शिबिरात मिळालेली डॉक्सिसायक्लिन घेऊ का, असं विचारलंस. घे. आजच घे. उंदीर-घुशींच्या लघवीतला लेप्टोस्पायरा हा जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून आत शिरतो आणि त्याने लेप्टो हा तापाचा आजार होतो.

प्रतिबंधाचा डोस २०० मिलीग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या एकदम; पाण्यात उतरणं चालू आहे तोवर आठवड्यातून एकदा. जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घे आणि लगेच आडवा होऊ नकोस. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. दुधासोबत किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांसोबत घेतली, तर ती नीट शोषली जात नाही.

पनामात प्रशिक्षणाला गेलेल्या अमेरिकी सैनिकांवर झालेला अभ्यास १९८४ साली छापून आला. त्यात साप्ताहिक गोळी न घेणाऱ्या गटात २० जणांना लेप्टो झाला, घेणाऱ्यांत एकाला. अंदमानातला अनुभव मात्र वेगळा होता. तिथे गोळीने संसर्ग थांबला नाही, आजारी पडणारे तेवढे कमी झाले. म्हणून गोळी घेऊनही ताप येऊ शकतो, हे धरूनच चाल.

इथेच घोटाळा होतो. माझ्या वॉर्डात तुझ्याच वयाचा एक मुलगा आला होता. पुरानंतर त्याने एकदा दोन गोळ्या घेतल्या होत्या. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले पण चिपडं नव्हती, आणि पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईना. 'डोस झालाय' म्हणून घरीच थांबला, वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेत राहिला. त्या गोळीने मूत्रपिंडांवर आणखी ताण पडतो. तापाच्या चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले होते आणि दिवसभरात जेमतेम कपभर लघवी. शिरेतून सेफ्ट्रियाक्झोन सुरू केलं, दोनदा डायलिसिस करावं लागलं. वाचला, पण ते दोन आठवडे मी विसरलेले नाही.

तापाच्या पहिल्याच दिवशी तो आला असता, तर बहुधा हीच डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, एवढ्यावर निभावलं असतं. आठवड्याचा डोस वेगळा आणि हा उपचार वेगळा.

शेवटचा पाण्यात उतरशील ती तारीख लिहून ठेव. त्यानंतर महिनाभरात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'पुरात काम केलं होतं' हे आधी सांग. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताची अँटीबॉडी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं किंवा लघवी कमी झाली, तर थेट मोठं रुग्णालय गाठ.

आणि तुझ्या गटात कुणी गरोदर असेल, तर तिला ही गोळी देऊ नका. डॉक्टर तिला दुसरं औषध देतील.

तुझी,
आई