समीरला वेळ सांगून मेसेज कर

चि. आदित्य,
अनेक आशीर्वाद.

काल भाजी घेताना समीरची आई भेटली. लातूर सोडून तो कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्याला आठवडा झाला. तू तिथून जवळच वारज्यात, आणि अजून त्याच्याकडे गेला नाहीस. ‘काही लागलं तर सांग’ एवढाच मेसेज तू केलास म्हणे. अरे, समीर लाजाळू. असं म्हटल्यावर तो कशाला काही सांगतोय?

त्यापेक्षा सरळ लिही, ‘बुधवारी संध्याकाळी सात वाजता येतोय, चहा टाकून ठेव. येताना दोन बादल्या आणतो.’ बादल्या कशाला, हे त्याला कळणार नाही. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, आणि शुक्रवारीही सकाळी उशिरा नि कमी दाबानं येतं. आम्ही पुण्यात नवीन होतो तेव्हा पहिल्याच गुरुवारी साबण लावलेल्या भांड्यांपुढे मी हताश उभी होते. शेजारच्या काकूंनी घागरभर पाणी दिलं, आणि तिथूनच आमचं जाणं-येणं सुरू झालं.

गेलास की त्याच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये जाऊन विजेचा मीटर बघ. तिथं ओळीनं मीटर असतात आणि फ्लॅटचे नंबर कधी पुसलेले, कधी चुकीचे असतात. आमच्या बाबतीत तेच झालं. चार महिने आम्ही वरच्या मजल्यावरच्यांचं बिल भरत होतो, आणि त्यांच्याकडे एसी! म्हणून आधी बिलावरचा मीटर क्रमांक जुळवा. मग एकानं घरातला मेन स्विच बंद करायचा आणि दुसऱ्यानं खाली उभं राहून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघायचा. वर वीज बंद केल्यावर लुकलुकणं थांबलं तर मीटर त्याचाच. नाही थांबलं, तर घरमालकाशी लगेच बोलायचं. एकट्या माणसाला ही तपासणी करताना जिने चढउतार करावे लागतात, दोघांत पाच मिनिटांचं काम आहे.

रीडिंगचा फोटो घरमालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग. जुन्या भाडेकरूची थकबाकी असली तर त्याच्या डोक्यावर यायला नको. भिंतीवरची ओल, नळाची गळती, दाराची कडी यांचेही फोटो काढून ठेवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना तेच उपयोगी पडतात.

आणि काम झालं की लगेच निघू नकोस. नवीन घरात संध्याकाळी सातनंतरचा वेळ खायला उठतो, दिवस ऑफिसात जातो. खाली जाऊन दोघं काहीतरी खा, आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला बोलाव. वरणभात केलास तरी चालेल.

समीरच्या आईनं शेंगाची चटणी दिलीय. तुझ्या पार्सलमध्ये त्याचा वेगळा डबा बांधलाय, झाकणावर नाव लिहिलंय. वाटेत उघडू नकोस.

तुझी,
आई