‘दोन दिवस वाट बघा’ हे कुणाला विचारून छापले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला चेहऱ्यावरच्या पुरळाचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण पहिल्या वाचनात माझाच काही गैरसमज झाला असेल असे वाटले. तसा तो झालेला नव्हता. ‘नवीन क्रीम किंवा डायमुळे पुरळ उठल्यास घाबरू नका, कोरफडीचा गर लावा आणि दोन दिवस वाट बघा’ हेच वाक्य तिथे ठळक टायपात होते. सोबत गुलाबी गालांच्या परदेशी मुलीचा फोटो, आणि खाली पाव पान जाहिरात कशाची, तर केसांच्या डायची. जुळवून आणले असेल तर दाद देतो.

हे दोन दिवस आमच्या घराने काढून पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुतण्याचे लग्न होते निफाडला. सौ.ने गुरुवारी संध्याकाळी केसांना काळी मेंदी लावली. नेहमीचे पाकीट दुकानात नव्हते म्हणून दुसरे आणले. वर हिरवे पान, ‘हर्बल’ वगैरे. रात्री तिला कानामागे आणि कपाळाच्या कडेला खाज सुटली. मी म्हटले, उकाडा आहे. शुक्रवारी सकाळी पापण्या फुगलेल्या. शेजारच्या वहिनींनी कुंडीतली कोरफड कापून आणली, वर हळदीचा लेप दिला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब काढून दिली, ‘सगळ्यावर चालते’ म्हणून. म्हणजे तुमच्या लेखातले सगळे उपाय आम्ही लेख छापून येण्याच्या एक वर्ष आधीच करून बसलो होतो.

शनिवारी, हळदीच्या दिवशी, दोन्ही डोळ्यांच्या फक्त फटी उरल्या. केसांच्या कडेने बारीक पाण्याचे फोड आले आणि त्यातून चिकट पिवळे पाणी गळून उशीचा अभ्रा तिच्या कपाळाला चिकटला. तो सोडवताना तिचा जो आवाज आला तो मी लिहीत नाही. दुपारी ती म्हणाली, “अहो, खाज थांबली, आता नुसतं ठणकतंय.” आणि मी शहाण्याने निफाडला फोन करून सांगितले की आराम पडतोय, उद्या अक्षता टाकायला येतो.

आराम कसला? त्याच रात्री तिला थंडी वाजून ताप आला, १०१ च्या वर. उजवा गाल तव्यासारखा गरम. रविवारी पहाटे मी तिला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेले. डोळे मिटलेली बाई, मागच्या सीटवर, द्वारकेच्या चौकातून. आज आठवले की माझेच कान धरावेसे वाटतात.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी कापूस ओला करून हळद पुसली. म्हणाल्या, “काका, या पिवळ्याखाली लाली किती पसरलीय ते मला दिसतच नाही.” मग बॉलपेनने लालसर भागाच्या कडेकडेने गालावर रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली, ५.४०. दोन तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली होती, बोटभर. माझे अख्खे आयुष्य नाशिकरोडच्या प्रेसमध्ये रेघेवर रेघ बसते की नाही हे बघण्यात गेले. ही रेघ मात्र विसरणार नाही.

त्या रेघ ओढता ओढता एकेक विचारत होत्या. जीभ किंवा ओठ सुजलेत का, आवाज बदललाय का, गिळता येते का, श्वासाला त्रास, चक्कर, उलटी. तोंडात फोड आहेत का. पापणी उचलल्यावर नीट दिसते का, आणि बुबुळ फिरवताना आतून दुखते का. सौ. वैतागून म्हणाली, चेहऱ्याचं बघा ना आधी. त्यावर त्या म्हणाल्या की चेहऱ्याचेच बघतेय. मग मला बाहेर बोलावून जे समजावले ते तुमच्या लेखकाला ठाऊक असते तर लेख निम्मा झाला असता आणि खरा झाला असता.

नवीन वस्तू लावल्या लावल्या जरा चुरचुरले, जिथे लावले तेवढेच लाल झाले, सूज नाही, ताप नाही, तर ती वस्तू कोमट पाण्याने धुऊन टाकावी, दुसरे काहीही लावू नये आणि एखादा दिवस बघावे. इथपर्यंत तुमचा लेख बरोबर आहे. सौ.चे तसे नव्हते. तिची ॲलर्जी दुसऱ्या जातीची, उशिरा उगवणारी. ती एक ते तीन दिवसांत चढत जाते आणि लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते. मेंदी लावली डोक्याला आणि फुगल्या पापण्या, कारण पापणीची कातडी पातळ आणि सैल, पाणी तिथेच साठते. म्हणजे तुमचे ‘दोन दिवस’ नेमके ती वाढण्याचे दिवस! डोळे मिटण्याइतकी सूज किंवा चेहऱ्यावर पाण्याचे फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. शुक्रवारी सकाळीच जायला हवे होते, हे त्यांनी मला सौम्य शब्दांत सांगितले. घरी परतल्यावर सौ.ने सौम्य शब्दांत सांगितले नाही.

आणि ताप. नुसत्या अशा ॲलर्जीने सहसा ताप येत नाही. ताप आला म्हणजे खाजवून फुटलेल्या कातडीतून जंतू आत शिरले, किंवा मामला मुळात वेगळाच आहे. खाजेच्या जागी ठणका आला की तो आराम नव्हे, तीच वर्दी. मेडिकलवाल्याच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. त्याने वरची लाली दिवसभर मंद दिसली आणि आत जंतूंचे फावले. गंमत अशी की पुढे डॉक्टरांनीही तिला स्टिरॉइडच दिले, पण गोळीतून, मोजून, शिरेतून अँटिबायोटिक चालू केल्यावर, आणि सूज उतरल्यावरही एकदम बंद न करता हळूहळू कमी करत. औषध तेच होते. ते कुणी, कधी आणि काय बघून दिले यात सगळा फरक. डोळ्याच्या आसपास असा संसर्ग खोबणीत उतरला तर दृष्टीवर बेतते, म्हणून ते बुबुळ फिरवून बघणे. सौ. तीन दिवस ॲडमिट होती. अक्षता राहिल्याच.

ओठ-जीभ सुजणे, घोगरा आवाज, धाप, अंगभर गांधी, भोवळ हा प्रकार अगदीच निराळा. तो काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत दिसतो आणि त्यात त्वचेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट शोधत बसायचे नसते, १०८ ला फोन करायचा. खाजेची गोळी देऊन वाट बघायची नाही, कारण त्यावरचे औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. चक्कर येत असेल तर माणसाला आडवे ठेवायचे, धाप असेल तर टेकून बसवायचे, उभे करून चालवायचे नाही. स्कूटरवर तर नाहीच, हे बाईंनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघत सांगितले.

तोंडात, डोळ्यांत फोड, कातडी सोलून निघणे आणि ताप हे एकत्र दिसले तर चेहऱ्याला लावलेल्या वस्तूपेक्षा गेल्या काही आठवड्यांत सुरू केलेल्या गोळ्यांवर संशय धरतात, आणि तेही थेट इस्पितळात जायचे काम. तुमच्या लेखात गोळ्यांचा उल्लेखही नाही.

त्या गुलाबी गालांच्या मुलीबद्दलही बोलतो. आमच्या घरात कुणीच गुलाबी नाही. सौ.च्या सावळ्या चेहऱ्यावर लाली लाल दिसलीच नाही, जांभळट-तपकिरी दिसली, आणि मी ‘उन्हाने रापलीय’ म्हणालो. बाईंनी मला हाताचे पालथे बोट आधी डाव्या गालाला, मग उजव्याला लावून बघायला सांगितले. उजवा गाल स्पष्ट गरम आणि ताठ लागला. सावळ्या कातडीवर हे बोट फोटोपेक्षा जास्त सांगते. निदान नाशिकच्या वाचकांसाठी तरी एवढे छापता आले असते.

पाकीट मी कचऱ्यातून काढून नेले होते, तेवढे एक काम धड केले. घरी भिंग लावून बघितले तर मागे मुंगीएवढ्या अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायामाइन. खरी मेंदी तांबूस रंगते, काळी होत नाही. काळेपणा आणतो तो हा. सौ.चा मुद्दा होता की इतकी वर्षे डाय करतेय, मग आत्ताच कसे? तर ही ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरलेल्या पदार्थाचीही अचानक जडते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. गोळ्या बंद होऊन कातडी पूर्ण बरी झाल्यावर पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा नुसती लाली होती, आणखी दोन दिवसांनी त्याच ठिपक्यावर बारीक फोड. आता ती केस पांढरेच ठेवते. बरे दिसतात. पाकिटावर ४८ तास आधी कोपराच्या आत थेंब लावून बघा असेही लिहिले होते, त्याच मुंगीच्या अक्षरांत. लग्नघरात ४८ तास कुणाकडे असतात म्हणा.

विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत खुलासा छापावा, त्याच आकाराच्या टायपात. आणि शक्य असल्यास डायच्या जाहिरातीपासून चार बोटे लांब.

आपला,
एक जुना वाचक, जेल रोड, नाशिकरोड

ता. क. शब्दकोड्याचे उत्तर ‘उद्याच्या अंकात’ म्हणता, ते सोमवारपासून आलेले नाही. आडवे सतरा चुकीचे आहे असा माझा दाट संशय आहे.