ठिबक नळीच्या नावाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,

विषय : नळीच्या नावातून तिचा आकार कळत नसल्याने झालेले नुकसान

महोदय,

रावेर तालुक्यात माझा केळीचा बाग आहे. ओळी ३६० फूट, म्हणजे ११० मीटर लांब. यंदा नवी इनलाईन नळी घ्यायला दुकानात गेलो. तुमच्या दोन नळ्यांची नावे एकच, फक्त एकीपुढे 'प्लस'. ओळ लांब म्हणून मी प्लस मागितली. दुकानदारालाही वाटले, प्लस म्हणजे मोठी.

नळी अंथरल्यावर ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी ड्रिपरखाली डबा ठेवून पंधरा मिनिटे पाणी धरले. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने तेवढ्या वेळात एक लिटर द्यायला हवे. सुरुवातीला लिटरभर मिळाले, शेवटी जेमतेम ७०० मिली. फिल्टर धुतला, शेवटची टोपी काढून नळी फ्लश केली, तरी फरक तोच.

मग कळले की दोन्ही नळ्या १६ मिलिमीटरच्याच. 'प्लस' म्हणजे भिंत जाड. बाहेरचा व्यास तोच ठेवून भिंत जाड केली की आतली वाट उलट अरुंद होते. ड्रिपर ६० सेंटिमीटरवर, म्हणजे एका ओळीत १८३. ताशी सव्वासातशे लिटरच्या वर पाणी त्या १६च्या नळीतून जायचे, म्हणून दाब वाटेतच खर्च होतो. एवढ्या लांबीला मला वीसची हवी होती. शेवटच्या झाडांना पाणी कमी, आणि ठिबकने खत सोडतो म्हणून खतही कमी.

दुकानात आम्ही 'सोळाची', 'वीसची' असेच मागतो. मग नावही तसेच ठेवा : 'वीस-साठ-चार'. आधी नळीचा आकार, मग ड्रिपरमधले अंतर, मग ताशी लिटर. त्यापुढे 'लांब ओळ' किंवा 'आखूड ओळ', आणि 'जाड' की 'पातळ' हे लिहा. नुसते 'केळीची नळी' असे नाव मात्र नको. माझ्या शेजाऱ्याचीही केळीच आहे, पण ओळ दीडशे फुटांची, त्याला सोळाची पुरते. जॉइनर आणि शेवटच्या टोपीवरही तोच पहिला आकडा असावा. वीसच्या नळीत सोळाचा जॉइनर ढिला बसतो, आणि हे वावरात पाणी सोडल्यावरच समजते.

नाव नळीवरच, दर मीटरला, मराठी अक्षरांत छापा. बंडलाचे लेबल पहिल्याच दिवशी फाटते.

माझी चार बंडले अजून सीलबंद आहेत. ती परत घेऊन वीसची नळी द्यावी, किमतीतला फरक मी भरेन. अंथरलेल्या नळीचे काय करायचे, ते तुमच्या माणसाने बागेत येऊन, माझ्यासमोर डबा ठेवून पाणी मोजून ठरवावे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
एक केळी उत्पादक, रावेर तालुका