‘चल, जाऊ या’ हे वाक्य वाचायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. नमस्कार.

दांडिया बाजारातल्या वाचनासाठी ‘वेटिंग फॉर गोदो’ची संहिता तुम्ही पेन्सिलीनं खुणा करून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. उघडंच लिहीत आहोत, कारण या खुणा हे नाटक हातात घेणाऱ्या कुठल्याही मंडळींच्या उपयोगी पडतील.

खुणा तीनच होत्या. परत परत येणाऱ्या वाक्याभोवती गोल, मागचं वाक्य पुसून टाकणाऱ्या वाक्यावर फुली आणि शांततेच्या जागी आडवी रेघ. पहिली पाचसात पानं उलटली तरी दिसतं की फुल्यांचाच सुळसुळाट आहे. ‘या नाटकात काही घडत का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्या फुल्यांतच आहे. एरवी नाटकात एक वाक्य दुसऱ्याला पुढे ढकलतं: बातमी कळते, माणूस ठरवतो, उठतो, जातो. सॅम्युएल बेकेटनं ही साखळी मधल्या कडीपाशीच तोडली आहे. ठरतं, पण उठणं होत नाही.

गोदो नावाच्या कुणाची तरी झाडापाशी वाट पाहणारे दोघं, व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन, त्याच झाडाला गळफास घ्यायचं बोलतात, तो प्रसंग तुम्ही उदाहरणादाखल घेतलात. व्लादिमीर म्हणतो, तू हलका, तू आधी. एस्ट्रागॉन हिशेब मांडतो: मी हलका, फांदी मोडणार नाही, मी मरेन. तू जड, फांदी मोडेल, तू एकटा उरशील. हिशेब चोख आहे, आणि चोख आहे म्हणूनच दोघं जागच्या जागी राहतात. शेवटी काहीच करू नये, तेच सुरक्षित, यावर एकमत होतं. या संवादात आळस नाही, विचार पुरेपूर आहे. नट इथे सुस्त बोलला की प्रसंग पडतो. ‘तोंडी हिशेब करणाऱ्या दुकानदारासारखं भरभर वाचा’ ही तुमची सूचना त्यासाठीच होती.

आता गोलांकडे. सर्वांत जास्त गोल ज्या तुकड्याभोवती आहेत तो असा: चल, जाऊ या. जाता येत नाही. का? गोदोची वाट पाहतोय ना. हां, खरंच! पाच छोटी वाक्यं. वाचताना होणारी चूक ठरलेली: दर वेळी एकच विनोदी चाल लावायची. मग प्रेक्षक पहिल्या दोन वेळा हसतो आणि नंतर घड्याळ बघतो. शेवटच्या ‘हां’वर बोट ठेवून तुम्ही सांगितलंत की सगळी वाक्यं तीच राहिली तरी हा एक उद्गार दर वेळी निराळा हवा. सुरुवातीला एस्ट्रागॉन खरोखर विसरलेला असतो, त्याला आठवतं. पुढे त्याला आधीच ठाऊक असतं, तो फक्त खात्री करून घेतो. दुसऱ्या अंकात तो प्रश्नही सवयीनं विचारतो, दाराची कडी लागली आहे ना हे झोपण्याआधी परत बघावं तसा. म्हणजे हा तुकडा कडीच आहे: दोघांपैकी कुणी बाहेर पडायला निघालं की ती आतून लागते.

मराठीत एक अडचण आहे, तीही तुम्हीच दाखवलीत. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सराईत भाषांतरकार सवयीनं ‘येतो आम्ही’ लिहून बसला की कडीच निसटते. इथे रोखठोक ‘जाऊ या’च हवं. व्लादिमीरच्या ‘डिडी’ या लाडक्या नावाचंही तसंच: ते ‘दीदी’ झालं की बडोद्यात हमखास हशा पिकतो, तोही भलत्या ठिकाणी.

आणि ‘काल’. गुजरातीत ‘काले’ म्हणजे आदला दिवसही आणि पुढचा दिवसही, संदर्भानं ओळखायचं. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. नाटकातला पेच नेमका तिथे आहे. व्लादिमीरला काल आठवतो, बाकी कुणालाच आठवत नाही. पहिल्या अंकात वाटेत भेटलेला पोत्झो दुसऱ्या अंकात आंधळा होऊन येतो, त्याचा नोकर लकी मुका झालेला असतो, आणि काल कुणाला भेटल्याचं पोत्झोला आठवत नाही. गोदोचा निरोप आणणारा मुलगा म्हणतो, काल मी आलोच नव्हतो. एस्ट्रागॉनला तर जागाही ओळखू येत नाही. साक्षीदारच नसेल तर घडलेलं घडलं असं कसं म्हणायचं? त्यामुळे ‘काही घडत नाही’ हे अर्धंच खरं. घडतं, पण साठत नाही. साठतं ते फक्त शरीरावर: लकीनं पहिल्या अंकात एस्ट्रागॉनला मारलेल्या लाथेची जखम दुसऱ्या अंकात चिघळायला लागलेली असते, आणि व्लादिमीर पुरावा म्हणून तोच पाय दाखवतो. या जागी तुम्ही दुहेरी गोल केलात. झाडाला चारपाच पानं फुटतात त्याची चर्चा सगळे करतात, पायाकडे फारसं कुणी बघत नाही.

आमच्या मते तुमचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे मुलाचे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावणं. पहिल्या अंकात निरोप काय, असं व्लादिमीर विचारतो आणि मुलगा एका दमात सांगून टाकतो की गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील. दुसऱ्या अंकात तोच निरोप व्लादिमीर स्वतःच एकेक तुकड्यानं बोलतो आणि मुलगा फक्त ‘हो साहेब’, ‘नाही साहेब’ करतो. मजकूर तोच, बोलणारा बदलला. फसवण्याची सुद्धा आता दुसऱ्या कुणाला गरज उरलेली नाही.

त्याहून बारीक फरक परतीच्या निरोपात आहे. पहिल्या वेळी व्लादिमीर मुलाला म्हणतो: सांग की तू आम्हाला पाहिलंस. दुसऱ्या वेळी: सांग की तू मला पाहिलंस. एस्ट्रागॉन तेव्हा झोपलेला असतो. ‘आम्हाला’चं ‘मला’ होतं आणि मग व्लादिमीर एकदम मुलावर उखडतो की उद्या येऊन मला पाहिलंच नाही असं म्हणू नकोस. वाचणारा इथे घाईत असला तर हा एक शब्द हवेत विरतो. त्याच्या आधी तुम्ही आडवी रेघ ओढून शेजारी ‘तीन मोजा’ लिहिलंत. तीनच, पाच नाही. पाच मोजले की नट विचारवंत दिसायला लागतो.

गोदो म्हणजे ईश्वर का, हा प्रश्न आमच्यातही निघाला होता. तुम्ही तो लवकर मिटवलात. नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं, 5 जानेवारी 1953 रोजी पॅरिसला पहिल्यांदा झालं, आणि त्या भाषेत ईश्वराचा शब्द ‘गॉड’ नव्हे, ‘द्यू’ आहे. बाकी लेखकालाच विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की मला माहीत असतं तर नाटकातच लिहिलं असतं. पुढचा चहा त्या वादावाचून झाला.

शेवटच्या पानावर तुमची एकच खूण आहे. दोन्ही अंक त्याच दोन वाक्यांनी संपतात: जायचं का? हो, जाऊ या. पण पहिल्या अंकात विचारतो एस्ट्रागॉन, दुसऱ्यात व्लादिमीर. तुम्ही दोघांच्या नावांमध्ये बाण काढून ठेवला होता. खाली कंसात सूचना, की ते हलत नाहीत. वाचनात ही सूचना मोठ्यानं वाचायची का, यावर मंडळींत दोन तट पडले होते. ‘वाचू नका, वह्या मिटू नका, मानही खाली घालू नका’ असं तुम्ही सांगितलंत. आम्ही तसंच केलं. टाळी वाजवायची की थांबायचं हे ऐकणाऱ्यांना बराच वेळ कळलं नाही.

संहिता पुढच्या मंगळवारी घरी आणून देतो. खुणा खोडलेल्या नाहीत.

आपली,
मंगळवारच्या वाचनाची मंडळी
दांडिया बाजार, बडोदं