५ सप्टेंबर: बाईंसाठी पत्र पाठवायची आठवण

नमस्कार मंडळी,

शिक्षकदिनी आपल्या विज्ञानाच्या बाईंना सगळ्यांची पत्रं एकत्र द्यायची आहेत. नुसत्या शुभेच्छा नकोत. बाईंची कोणती शिस्त आज कामी येते, ते लिहा. माझं इथेच सांगते.

उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही, की बाई गुण कापायच्या. प्रत्येक पायरीला एकक हवंच! तेव्हा फार राग यायचा. आज मी परदेशात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. समजा, ६० किलोच्या रुग्णाला एक औषध दर किलोला, दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचंय. म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजेच १८ मिलिग्रॅम. पिशवीत २५० मिलीत ४०० मिलिग्रॅम औषध, म्हणजे एका मिलीत १.६ मिलिग्रॅम. पंपावर वेग येतो तासाला ११.२५ मिली. यात मायक्रो आणि मिलीची गल्लत झाली तर चूक थेट हजारपटीची. पंप हिशेब करून देतो, तरी मी एककं लिहून पडताळते, कारण शेवटी मिली आणि तास एवढंच उरलं नाही तर मधली पायरी चुकलेली असते. ही सवय बाईंचीच. बाई, मनापासून आभार!

तुमची पत्रं ३ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत इथेच टाका. शक्यतो हातानं लिहून फोटो पाठवा, बाईंना अक्षर बघायला आवडतं.