कर्व्यांच्या संस्थांची यादी : एका संस्थेची तीन साले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जयंतीनिमित्त आपल्या पुरवणीत त्यांनी काढलेल्या संस्थांची यादी आली. ती कात्रण करून ठेवण्याजोगी आहे, आणि शाळाशाळांतून ती वहीत उतरवली जाईल. म्हणूनच तिच्यातल्या एका नोंदीबद्दल सविस्तर लिहीत आहे.

यादीत ‘अनाथ बालिकाश्रम, १८९९’ अशी ओळ आहे. त्याच पानावरच्या लेखात मात्र हे साल १८९६ दिले आहे, आणि छायाचित्राखाली ‘१९०० साली स्थापन झालेला हिंगण्याचा आश्रम’ असे छापले आहे. वाचकाला वाटेल की दोन आकडे चुकीचे असणार. खरे म्हणजे तिन्ही बरोबर आहेत. फक्त ती तीन वेगळ्या गोष्टींची साले आहेत. १४ जून १८९६ रोजी स्थापन झाली ती ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’, म्हणजे निधी जमवणारी आणि जबाबदारी घेणारी सभासदांची संस्था. तिचे अध्यक्षपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी स्वीकारले आणि कर्व्यांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये तिला दिले. विधवांसाठीचा प्रत्यक्ष आश्रम पुण्यात एका घरात उघडला तो १ जानेवारी १८९९ रोजी. मग प्लेगमुळे शहरात राहणे अशक्य झाले आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला झोपडीत गेला. तिथली जमीन रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली. या तिघांत स्थापनेचे साल एकच, १८९६. बाकीची दोन आश्रम उघडल्याची आणि हलवल्याची.

अशी गल्लत होते ती वार्षिक अहवाल घाईने चाळल्यामुळे. अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘अमुकावा वार्षिक अहवाल’ असे असते आणि आपण वजाबाकी करून मोकळे होतो. पण पहिला अहवाल किती महिन्यांचा होता, हे पाहिल्याशिवाय ती वजाबाकी भरवशाची नाही. जूनमध्ये निघालेल्या संस्थेने डिसेंबरअखेर पहिला अहवाल काढला, तर १९०० चा अहवाल पाचवा ठरतो. पहिले पूर्ण वर्ष मोजून काढला, तर तोच चौथा. एका वर्षाचा फरक इथेच पडतो, आणि तो पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जातो. ‘तारीख अमुकपासून तारीख अमुकपर्यंत’ ही आतली बारीक ओळ वाचूनच साल काढायला हवे.

मंडळी कधी निघाली आणि आश्रम कधी सुरू झाला, हे वेगळे करायला जमाखर्चाची पाने सर्वांत उपयोगी पडतात. प्रास्ताविकात भाषा मोघम असते, ‘आश्रमाचे कार्य सुरू झाले आहे’ वगैरे. जमाखर्चात तशी सोय नसते. जमेच्या बाजूला नुसत्या वर्गण्या, देणग्या आणि व्याज, आणि खर्चाला छपाई, टपाल, प्रवास एवढेच असेल, तर संस्था अजून निधी जमवते आहे. घरभाडे, भोजनखर्च, शिक्षकाचा पगार ही खाती ज्या वर्षी पहिल्यांदा उमटतात, त्या वर्षी दार उघडले असे समजावे. १८९६ ते १८९९ ही अडीच वर्षे आपल्या यादीतून पुसली गेली आहेत, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा प्राध्यापक एकही विधवा अजून आश्रमात आलेली नसताना माणसे आणि पैसे गोळा करत होता.

‘पहिले सभासद’ या रकान्याबद्दलही बोलले पाहिजे. अहवालात छापलेली नावे ही बहुधा त्या अहवाल-वर्षाच्या अखेरीची असतात, स्थापनेच्या दिवसाची नसतात. शिवाय सभासद, आश्रयदाते, वर्गणीदार आणि एकरकमी देणगी देणारे यांच्या याद्या वेगळ्या असतात. चारही एकत्र केल्या की सहानुभूतीपोटी दोन रुपये पाठवणारा गृहस्थ संस्थापक होऊन बसतो. म्हणून स्थापनेच्या सभेचा वृत्तांत जिथे छापला असेल तिथलीच नावे घ्यावीत. तो नसेल तर ‘पहिल्या उपलब्ध अहवालातील कार्यकारी मंडळ’ असे स्पष्ट लिहावे.

नावे मागाहून घातली आहेत का, हे ओळखायची खूण पदव्यांत सापडते. आपल्या यादीत १८९६ च्या मंडळीचे अध्यक्ष म्हणून ‘सर भांडारकर’ असे छापले आहे. भांडारकरांना ‘सर’ हा किताब १९११ मध्ये मिळाला. म्हणजे ही ओळ १८९६-९७ च्या अहवालातून आलेली नाही, किमान पंधरा वर्षांनंतरच्या कुठल्या तरी स्मरणिकेतून किंवा चरित्रातून उचललेली आहे. तिच्या शेजारची नावेही मग तपासायलाच हवीत. याच कसोटीने, १८९९ पूर्वीच्या यादीत ‘रँग्लर परांजपे’ असे दिसले तर ती यादी नंतर तयार केलेली, कारण ते रँग्लर झालेच मुळी १८९९ मध्ये. पार्वतीबाई आठवले यांच्याबाबत उलट होते. पुढच्या काळात आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या इतक्या हिंडल्या की त्यांचे नाव पहिल्या सभासदांत असणारच असे कोणीही धरून चालतो. त्यांचा मान मोठाच आहे, पण त्यांची नोंद त्या ज्या वर्षीच्या अहवालात आल्या तिथेच व्हावी.

आणखी दोन दुरुस्त्या. यादीत ‘अनाथ बालिकाश्रम’, ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ आणि ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ या तीन स्वतंत्र संस्था म्हणून मोजल्या आहेत. ती एकाच संस्थेची काळानुसार बदललेली नावे आहेत. याउलट १९०७ चे महिला विद्यालय आणि १९०८ चा निष्काम कर्म मठ यांना आश्रमाच्या पोटात घालून टाकले आहे. विद्यालय पुढे हिंगण्यालाच नेले गेले, म्हणून हा समज झाला असावा. सुरुवातीला मात्र ती वेगळ्या हेतूने काढलेली वेगळी कामे होती. विद्यालय विधवांपुरते नव्हते, सर्व मुलींसाठी होते, आणि मठ या कामाला वाहून घेणाऱ्या सेवकांसाठी होता. त्यांना स्वतंत्र ओळ द्यावी आणि विलीनीकरणाची नोंद शेजारी करावी.

महिला विद्यापीठाची ओळ १९१६ अशी बरोबर आहे. तिच्यापुढे ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ हे नाव मात्र त्या सालाला जोडू नये. ते सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १९२० मधल्या पंधरा लाखांच्या देणगीनंतरचे. पहिल्या सभासदांच्या रकान्यात कुलपती डॉ. भांडारकर आणि कुलगुरू प्राचार्य परांजपे ही नावे हवीत. आणि एवढी जागा मिळाली तर महाविद्यालयात पहिल्या वर्षी आलेल्या विद्यार्थिनींची संख्याही द्यावी. त्या पाच होत्या.

यादी पुन्हा छापाल तेव्हा ‘स्थापना’, ‘प्रत्यक्ष सुरुवात’ आणि ‘नामांतर’ असे तीन रकाने करावेत आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या वर्षीच्या अहवालातून घेतले ते द्यावे, ही विनंती. १९३६ चे महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ आणि १९४४ चा समता संघ या दोन्ही संस्था यादीतून राहिल्या आहेत, त्याही घालाव्यात. ज्या वाचकांच्या घरी या दोन संस्थांचे सुरुवातीचे अहवाल असतील, त्यांनी कार्यकारी मंडळाच्या पानाची आणि जमाखर्चाच्या पानाची, अशा दोन्ही पानांची छायाप्रत आपल्याकडे पाठवावी, असे आवाहनही सोबत छापावे.

आपला,
एक वाचक